ऑर्डर आणि साठा वेगळे का करू नयेत?

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतीत एक डिझाइन राउंड असतो. ऑनलाइन दुकान रचायला सांगितलं, की बरेच उमेदवार लगेच चौकोन काढू लागतात: ऑर्डरची एक सर्व्हिस, साठ्याची दुसरी, प्रत्येकीचा डेटाबेस स्वतंत्र. या झाल्या मायक्रोसर्व्हिसेस. सगळं एकाच प्रोग्राममध्ये ठेवलं तर तो मोनोलिथ, आणि त्याला उगाचच जुनाट समजलं जातं.

मोनोलिथमध्ये ऑर्डर नोंदवणं आणि साठा कमी करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं. दोन्ही होतात, नाहीतर एकही नाही. वेगळं केलं की मध्ये नेटवर्क येतं. समजा, साठ्याकडे विनंती गेली आणि 2 सेकंदांत उत्तर आलं नाही. साठा कमी झाला की नाही? पुन्हा विचारावं, तर दोनदा वजा होण्याची भीती. मग प्रत्येक विनंतीला ओळख क्रमांक द्या, अर्धवट व्यवहार उलटवणारा कोड लिहा. पाच जणांच्या टीमने हे का ओढवून घ्यावं?

फाळणी चुकल्याची खूण सोपी आहे: एक सर्व्हिस बदलली, की दुसरीही सोबत बदलावी लागते. फोटोंचे लहान आकार बनवण्याचं काम मात्र मी खुशाल वेगळं काढेन. ते प्रोसेसर खातं, आणि उशिरा झालं तरी कुणाची ऑर्डर अडत नाही.