पन्नास मिलिलिटरची बाटली आणि कोल्हापूरची माती

काचेची ही बाटली मुठीत मावते. पोटात साधारण ५० मिलिलिटर पाणी राहते. तोंडाला काचेचेच बूच घासून बसवलेले असते आणि बुचाच्या मधोमध एक अगदी बारीक, आरपार भोक असते. बाटली काठोकाठ भरून बूच दाबले की जादा पाणी त्या भोकातून वर येऊन बाहेर पडते आणि आत दर वेळी नेमके तेवढेच पाणी उरते. हिला पिक्नोमीटर म्हणतात, काही प्रयोगशाळांत घनता बाटली. कोल्हापूरच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज कृषी महाविद्यालयात किंवा राज्यातल्या कुठल्याही कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याने ती हाताळलेली असते. परीक्षा झाली की मात्र ती बहुधा कपाटात जाते, कारण तिचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे सगळे धरून चालतात. ते उत्तर म्हणजे २.६५.

एक घनसेंटीमीटर निव्वळ मातीकण, म्हणजे मधल्या पोकळ्या वगळून उरलेला घन भाग, किती ग्रॅम भरतो हे सांगणारा आकडा म्हणजे कणघनता. पुस्तकांत तो २.६५ दिलेला असतो आणि तो चुकीचाही नाही. पण तो मुळात क्वार्ट्झ या खनिजाचा आकडा आहे. जगातल्या बऱ्याच मातींत वाळू क्वार्ट्झची असते, म्हणून तिथे तो चालून जातो. कोल्हापूरची माती बेसॉल्टच्या झिजेतून आली आहे आणि बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. त्यात ऑजाइट असते, ते तीनच्या वर जड. मॅग्नेटाइट असते, ते पाचच्या वर. पंचगंगेच्या काठची काळी माती एक प्रकारची, तर राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडची तांबडी जांभ्याची माती अगदीच वेगळी. जांभ्यात लोहाची ऑक्साइडे असतात आणि ती कणघनता वर ओढतात. पण याच पट्ट्यात बॉक्साइटही सापडते. त्यातले गिब्साइट २.४ च्या आसपास, म्हणजे क्वार्ट्झपेक्षा हलके, आणि ते आकडा खाली खेचते. त्यामुळे तांबडी माती दिसली की ती जड असणार, असा अंदाज बांधणेही धोक्याचे. मोजल्याशिवाय इलाज नाही.

मोजणीत चार वजने घ्यायची असतात. रिकामी कोरडी बाटली. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली आणि १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये थंड केलेली माती घातलेली बाटली. तीच माती आणि वर काठोकाठ पाणी. आणि शेवटी फक्त पाण्याने भरलेली बाटली. मातीने किती पाण्याची जागा घेतली हे या चार वजनांवरून निघते, आणि मातीचे वजन त्या आकारमानाने भागले की कणघनता मिळते.

आकडे घेऊन पाहू. हे कुठल्या एका शेताचे नाहीत, रीत कळावी म्हणून घेतले आहेत. रिकामी बाटली २८.४१२ ग्रॅम. माती घातल्यावर ३८.४५६, म्हणजे माती १०.०४४ ग्रॅम. फक्त पाण्याने भरलेली बाटली ७८.३६१. माती आणि पाणी मिळून ८४.८९३. माती आत असताना पाणी बाहेर सांडले नसते तर वजन ७८.३६१ अधिक १०.०४४, म्हणजे ८८.४०५ भरले असते. प्रत्यक्षात ते ३.५१२ ग्रॅमने कमी आहे. मातीने हटवलेले पाणी ते हेच. २७ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९६५ असते, म्हणून मातीच्या कणांचे आकारमान ३.५२४ घनसेंटीमीटर आणि कणघनता २.८५.

सगळी कसोटी तिसऱ्या वजनापाशी आहे. कोरड्या मातीच्या ढेकळांत आणि कणांच्या फटींत हवा अडकलेली असते. नुसते पाणी ओतून ती निघत नाही. म्हणून बाटली अर्धी भरून ती काही मिनिटे मंद उकळवतात, मधूनमधून हलकेच हलवतात, मग खोलीच्या तापमानाला येऊ देतात. वर भरायचे डिस्टिल्ड वॉटरही आधी उकळून थंड केलेलेच हवे, नाहीतर त्यात विरघळलेली हवा पुन्हा बुडबुडे धरते. आच जरा वाढली की फेस येतो आणि फेसाबरोबर बारीक चिकणमाती बाहेर उडते. ती गेली की प्रयोग पुन्हा पहिल्यापासून.

किती हवा राहिली तर बिघडते? वरच्या उदाहरणात एक दशांश मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंबांएवढी हवा आत राहिली, तर २.८५ ऐवजी २.७७ येते. अडकलेल्या हवेची चूक नेहमी आकडा खालीच नेते. तपासायची सोपी रीत आहे: बाटली पुन्हा उकळा, थंड करा, भरा आणि वजन करा. वजन वाढले तर पहिल्या वेळी हवा राहिली होती. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला की मगच आकडा वहीत लिहायचा.

तापमानाची चूक जास्त फसवी असते. बाटली बोटांत धरली तरी ती उबेने तापते आणि भोकातून पाणी बाहेर येते, म्हणून ती मानेशी धरावी आणि बाहेरून नीट पुसूनच तराजूवर ठेवावी. ‘माती आणि पाणी’ व ‘फक्त पाणी’ ही दोन वजने एकाच तापमानाला घेतलेली हवीत. आदल्या दिवशीचे पाण्याचे वजन आज वापरले आणि मधे खोली चार-पाच अंशांनी तापली असेल, तर दुसरा दशांश भरवशाचा राहत नाही.

ज्या शेतात वर्षानुवर्षे प्रेसमड किंवा शेणखत पडले आहे, तिथल्या नमुन्यात आणखी एक गोष्ट दिसते. काडीकचऱ्याचे हलके तुकडे पाण्यावर तरंगत बाटलीच्या मानेशी जमतात आणि बूच लावताना सांडणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातात. ते सांभाळायलाच हवेत, कारण सेंद्रिय पदार्थाची घनता १.३ च्या आसपास असते आणि पाच टक्के सेंद्रिय पदार्थही २.७५ ची माती २.६ वर आणून ठेवतो. शिरोळ तालुक्यातल्या खारवटलेल्या जमिनींत अडचण पाण्याचीच आहे. क्षार त्यात विरघळतात, घन भागाचे आकारमान कमी भरते आणि कणघनता खोटी वाढते. अशा वेळी पाण्याऐवजी रॉकेल किंवा टोल्युइन वापरतात आणि पाण्याच्या जागी त्या द्रवाची त्या तापमानाची घनता धरतात. फार चिकण काळ्या मातीलाही हे मानवते.

या कणघनतेचा उपयोग काय, ते पाहायला आता शेतात जाऊ. मोठा पाऊस किंवा भरपूर पाणी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, भारी काळ्या जमिनीत आणखी थोडे थांबून, वापसा आला की १०० घनसेंटीमीटरची धातूची कडी मुळांच्या थरात सरळ ठोकायची. ती तिरकी गेली किंवा आतली माती दाबली गेली, तर पुढचे सगळे गणित वाया गेले. दोन्ही तोंडांची माती सुरीने कडीच्या कडेशी सपाट कापायची, डबीत बंद करायची, ओले वजन करायचे, वाळवून पुन्हा वजन करायचे.

समजा, कडी वगळून ओली माती १७६ ग्रॅम आणि वाळल्यावर १३५ ग्रॅम भरली. म्हणजे स्थूल घनता १.३५, आणि उडालेले पाणी ४१ ग्रॅम, म्हणजे जमिनीच्या १०० भागांत ४१ भाग पाणी. एकूण सच्छिद्रता काढताना १.३५ ला कणघनतेने भागायचे आणि भागाकार एकातून वजा करायचा. पुस्तकातली २.६५ धरली तर सच्छिद्रता ४९.१ टक्के. त्यातून ४१ टक्के पाणी गेले की हवेला उरते ८.१ टक्के. बाटलीतून निघालेली २.८५ धरली तर सच्छिद्रता ५२.६ टक्के आणि हवा ११.६ टक्के.

हा साडेतीन टक्क्यांचा फरक छोटा नाही. वापशाच्या वेळी हवेची सच्छिद्रता १० टक्क्यांच्या खाली गेली की मुळांना प्राणवायू कमी पडू लागतो, असा मृदाशास्त्रातला सर्वमान्य संकेत आहे. कारण प्राणवायू हवेतून जितक्या सहज सरकतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यातून सरकतो. एकाच शेताची एकच माती. उसन्या आकड्याने तिच्यावर ‘घुसमटलेली’ असा शिक्का बसतो, मोजलेल्या आकड्याने ती पास होते. चुकीच्या शिक्क्यावर कोणी सबसॉयलर लावायचा किंवा निचऱ्याच्या पाइपांचा खर्च करायचा ठरवले, तर तो खर्च मातीसाठी नसून पुस्तकातल्या एका आकड्यासाठी झाला, असेच मी म्हणेन.

उलटही घडते. गिब्साइट जास्त असेल किंवा सेंद्रिय पदार्थ भरपूर असेल, तर २.६५ धरल्याने नसलेली हवा कागदावर दिसते. ओल्या रानात ऊस भरलेल्या ट्रॉल्या फिरवून दबलेला खोडवा अशा कागदावर निरोगी ठरतो.

गणितात एक धोक्याची घंटा आपोआप वाजते. कधीकधी हवेची सच्छिद्रता उणे येते. शिरोळकडच्या पाणथळ जमिनीत ती शून्याजवळ जाणे शक्य आहे, पण शून्याखाली जाणे शक्य नाही. उणे उत्तर आले की ते गाळून शून्य लिहू नये. बाटलीत हवा राहिली होती का, कडीत माती दाबली गेली का, कडीचे आकारमान कधी प्रत्यक्ष मोजले होते का, हे पाहावे. काळ्या मातीत आणखी एक कारण असते. ती ओलीने फुगते, वाळली की आकसते. म्हणून आकारमान कडीचे, ओल्या अवस्थेतलेच धरायचे. वाळून आकसलेल्या गोळ्याचे धरले की स्थूल घनता फुगते आणि पोकळ्या कागदावरून नाहीशा होतात.

या आकड्याची मर्यादाही सांगायला हवी. हवेच्या पोकळ्या किती, एवढेच तो सांगतो. त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत, हे सांगत नाही. नांगराच्या तळाशी बनलेल्या कडक पापुद्र्याने वरची वाट अडवली असेल, तर १२ टक्के हवाही मुळांना पोचणार नाही. तेव्हा खड्डा खणून मुळे कुठे आडवी वळली ते डोळ्यांनी पाहावेच लागते.

खर्चाच्या दृष्टीने एक गोष्ट सोयीची आहे. स्थूल घनता नांगरटीने, ट्रॉल्यांनी, पावसाने बदलते, दर हंगामाला नव्याने मोजावी लागते. कणघनता मात्र खनिजांवर ठरते. सेंद्रिय पदार्थात मोठा फेर पडला नाही, तर एका रानासाठी एकदा नीट मोजलेला आकडा कित्येक वर्षे चालतो. मृदा आरोग्यपत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये असतात, सच्छिद्रता नसते. ती हवी असेल तर वेगळी मागावी लागते. मागाल तेव्हा अहवाल घेताना एवढे जरूर विचारा: यातली कणघनता आमच्या मातीवर मोजली आहे, की २.६५ धरली आहे?