बेल वाजते, आवाज मात्र एकाच बाजूचा

इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनची एक तक्रार मोठी चमत्कारिक असते. ग्राहकाचा फोन येतो, बेल वाजते, आपण उचलतो. आपलं ‘हॅलो, बोला’ त्याला स्वच्छ ऐकू जातं, पण त्याचा एक शब्दही आपल्यापर्यंत पोचत नाही. मग हेडफोन बदलतो, फोन बदलतो, शेवटी इंटरनेटवाल्याशी भांडण होतं. दोष बहुधा यातल्या कशातच नसतो.

अशा कॉलमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी जातात. कोण कोणाला फोन करतोय, उचलला की नाही, ठेवला कधी, ही बोलणी एसआयपी करते, साधारणपणे 5060 या पोर्टवरून. आवाज आरटीपीच्या पाकिटांतून, दुसऱ्याच पोर्टवरून जातो. तो नेमका कुठे पाठवायचा, हे दोन्ही बाजू एसआयपीच्या निरोपातच एकमेकींना कळवतात. म्हणजे बेल वाजली, तर फक्त पहिली वाट मोकळी आहे एवढंच सिद्ध होतं.

समजा, एका ऑफिसात ॲस्टरिस्कचा सर्व्हर आहे. त्याचा आतला पत्ता 192.168.1.10, आणि राउटरचा बाहेरचा पत्ता 203.0.113.25. फोन कंपनीला सर्व्हर कळवतो:

```
c=IN IP4 192.168.1.10
m=audio 10034 RTP/AVP 8 0
```

राउटरमधलं नॅट पाकिटावरचा पत्ता बदलतं, आतला मजकूर मात्र तसाच राहतो. हे म्हणजे परगावच्या माणसाला ‘दुसरा मजला, खोली 3’ एवढाच पत्ता कळवण्यासारखं. 192.168 ने सुरू होणारे पत्ते इंटरनेटवर चालतच नाहीत, त्यामुळे ग्राहकाचा आवाज वाटेतच संपतो. कंपनीचा पत्ता मात्र सार्वजनिक असतो, म्हणून आपला आवाज तिकडे पोचतो. काही कंपन्या हा निरोप बाजूला ठेवून, आपला आवाज जिथून आला तिथेच उलट आवाज पाठवतात. त्यामुळे तीच मांडणी एका कंपनीबरोबर चालते, दुसरीबरोबर अडते, आणि दोष उगाच दुसरीच्या माथी जातो.

खात्री करायची तर ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर `rtp set debug on` लिहून एक कॉल लावावा. कंपनीच्या पत्त्याकडे जाणाऱ्या `Sent RTP packet to` अशा ओळी धावताहेत, पण त्या पत्त्यावरून `Got RTP packet from` अशी एकही येत नाही, म्हणजे रोग सापडला.

उपाय `pjsip.conf` मध्ये, ट्रान्सपोर्टच्या भागात:

```
local_net=192.168.1.0/24
external_media_address=203.0.113.25
external_signaling_address=203.0.113.25
```

आता बाहेरच्यांना बाहेरचा पत्ता कळतो आणि ऑफिसातल्या फोनना आतला. राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय असेल, तर ती बंदच करावी. ती निरोपातला मजकूर स्वतः दुरुस्त करायला जाते आणि बरेचदा नवाच घोळ घालते.

पत्ता बरोबर झाला, तरी आवाजाला आत यायला दार हवं. ॲस्टरिस्कच्या नमुना फाइलमध्ये 10000 ते 20000 ही पोर्टं दिलेली असतात आणि लोक ती सगळी उघडून मोकळे होतात. एवढी लागत नाहीत. कॉलच्या प्रत्येक पायाला दोन पोर्टं लागतात, एक आवाजाला आणि एक त्याच्या हिशेबाला. कंपनीपासून सर्व्हर आणि सर्व्हरपासून टेबलावरचा फोन असे दोन पाय धरले, तर एका कॉलला चार. एका वेळी वीस कॉल म्हणजे 80. `rtp.conf` मध्ये `rtpstart=10000` आणि `rtpend=10199` पुरेसं आहे. राउटरमध्येही नेमकी हीच पोर्टं, फक्त यूडीपीची, फक्त त्या सर्व्हरकडे वळवावीत. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत, तर काही कॉल चालतात आणि काही मुके होतात.

खरा धोका 5060 चा. ते पोर्ट चोवीस तास ऐकत असतं. पासवर्डचा अंदाज घेत फिरणारे प्रोग्रॅम तिथे येतात, आणि यश आलं तर परदेशी कॉलांचं बिल तुमच्या नावावर चढतं. म्हणून ते फक्त फोन कंपनीच्या पत्त्यांना उघडावं. आवाजाची पोर्टं कॉल चालू असेपर्यंतच जागी असतात, पण तेवढ्या वेळातही परका माणूस त्यांवर पाकिटं टाकून आवाज स्वतःकडे वळवू शकतो, हे 2017 साली ‘आरटीपीब्लीड’ या नावाने उघड झालं. `strictrtp=yes` त्याला आळा घालतं. कंपनी आवाजाचे पत्ते कळवत असेल, तर ही पोर्टंही तेवढ्यांनाच द्यावीत. घरून काम करणाऱ्यांचे पत्ते बदलत राहतात, त्यांना व्हीपीएनमधूनच आत घ्यावं. सर्व्हर अख्खाच डीएमझेडमध्ये ठेवणं मात्र शुद्ध आळस.

या सगळ्याच्या आधी राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीचं आणखी एक नॅट तुमच्या डोक्यावर आहे, आणि तुम्ही उघडलेल्या पोर्टांपर्यंत बाहेरून कोणी पोचणार नाही. अशा वेळी आधी कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घ्या.