कांद्याचा आठवडा: भाव चढला की उतरला?

मार्च सरत आला की नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या आवारात दोन प्रकारचा कांदा एकाच रांगेत लागलेला दिसतो. लाल कांद्याच्या शेवटच्या खेपा येत असतात आणि उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या नुकत्याच सुरू झालेल्या असतात. लाल कांदा फार दिवस टिकत नाही, तो लगेच विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो, म्हणून त्याला बहुधा चार पैसे जास्त मिळतात.

समजा, एका शेतकरी सहकारी संस्थेच्या सभासदांनी एका आठवड्यात १,००० क्विंटल कांदा विकला. त्यात ८०० क्विंटल लाल होता, सरासरी १,२०० रुपये दराने, आणि २०० क्विंटल उन्हाळ, १,६०० रुपये दराने. पुढच्या आठवड्यातही विक्री १,००० क्विंटलच झाली, पण आता लाल ३०० क्विंटल, १,१०० रुपयांनी, आणि उन्हाळ ७०० क्विंटल, १,५०० रुपयांनी. दोन्ही कांदे क्विंटलमागे शंभर रुपयांनी उतरले. पण सगळा कांदा एकत्र धरून सरासरी काढली, तर पहिल्या आठवड्याचा दर येतो १,२८० रुपये आणि दुसऱ्याचा १,३८०. संस्थेच्या फलकावर ‘कांदा शंभर रुपयांनी वधारला’ असं लागतं, आणि ज्याच्या घरात अजून लाल कांदा पडून आहे तो सभासद आणखी आठवडाभर थांबायचं ठरवतो. तेवढ्यात त्याच्या कांद्याला कोंब फुटू लागतात.

बेरीज-भागाकारात इथे काहीही चुकलेलं नाही. स्वस्त मालाचा वाटा घटला आणि महाग मालाचा वाढला, एवढ्यानेच सरासरी वर गेली. म्हणून आठवड्याचा आवक-भाव गोषवारा करताना लाल आणि उन्हाळ यांच्या ओळी वेगळ्या ठेवायच्या आणि गोल्टी कांद्याला तिसरी ओळ द्यायची. तिन्हींची एकत्र सरासरी फलकावर लावायचीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा गोषवारा कशावरून होतो? सभासदांच्या चिठ्ठ्यांवरून. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला व्यापारी एकेका वाहनापाशी जातात, वरचा माल बघतात आणि क्विंटलमागे बोली लागते. सौदा ठरला की दर लिहिलेली चिठ्ठी शेतकऱ्याच्या हाती पडते. मग भरलेलं वाहन भुईकाट्यावर तोललं जातं, व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामं होतं आणि पुन्हा काट्यावर येतं. दोन वजनांतला फरक म्हणजे कांद्याचं वजन. शेवटी हिशोबपट्टी मिळते. तिच्यावर वजन, दर, कपात आणि हाती येणारी रक्कम असते.

सौदा आणि हिशोबपट्टी यांच्या मध्ये कधी कधी वांधा निघतो. ट्रॉली रिकामी होताना खालच्या थरात ओला किंवा चिंगळी कांदा दिसला, तर व्यापारी दर कमी करायला सांगतो. बोली १,५५० रुपयांची, पट्टी १,४५० रुपयांची. गोषवाऱ्यात कोणता आकडा धरायचा? सभासदांच्या विक्रीचा हिशेब पट्टीवरच्या दराने करावा आणि सौद्याचा दर शेजारच्या रकान्यात लिहून ठेवावा. हा दुसरा रकाना बहुतेक संस्था भरत नाहीत, आणि मला त्याची खंत वाटते. एकाच खळ्यावर आठवड्यामागून आठवडा दर उतरत असेल, तर ते याच रकान्यात उघड होतं. एकट्या शेतकऱ्याला त्याची एकच ट्रॉली दिसते. संस्थेला सगळ्यांच्या ट्रॉल्या एकत्र दिसतात.

बाजार समित्यांचे रोजचे आकडे कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे चार आकडे येतात. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी बहुतेक माल ज्या दराच्या आसपास विकला गेला तो दर. किमान आणि कमाल यांच्या मधोमध तो असेलच असं नाही. कमाल दर तर एखाद्याच निवडक वाहनाला मिळालेला असू शकतो, त्यामुळे त्यावरून बाजाराचा अंदाज बांधू नये.

आता आठवड्याची सरासरी. समजा, सोमवारी १०० क्विंटल १,८०० रुपयांनी गेला, मंगळवारी १५० क्विंटल १,७०० ने, बुधवारी १५० क्विंटल १,६५० ने, गुरुवारी २०० क्विंटल १,५५० ने आणि शुक्रवारी ४०० क्विंटल १,३०० ने. पाच दरांची बेरीज करून पाचाने भागलं, तर १,६०० रुपये येतात. पण सभासदांच्या पट्ट्यांवरची खरी रक्कम आहे १५ लाख १२ हजार ५०० रुपये, म्हणजे क्विंटलला १,५१२ रुपये ५० पैसे. शुक्रवारी आवक दाटली, भाव पडला आणि सर्वांत जास्त माल नेमका त्याच दिवशी गेला. साधी सरासरी सोमवारच्या शंभर क्विंटलला शुक्रवारच्या चारशेएवढंच वजन देते. म्हणून रोजचा दर त्या दिवशीच्या क्विंटलांनी गुणायचा, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्विंटलांनी भागायचं. संगणकावर वजन C रकान्यात आणि दर D रकान्यात असेल, तर एवढंच सूत्र लागतं:

```
=SUMPRODUCT(C2:C6,D2:D6)/SUM(C2:C6)
```

नोंदी भरताना घोळ बहुतेक वेळा वजनात होतो. काटापट्टीवर वजन किलोत असतं आणि वहीत क्विंटलमध्ये. २३ क्विंटल ५० किलोची ट्रॉली ‘२३५’ किंवा ‘२,३५०’ अशी चढली, तर त्या एका ओळीने सगळा आठवडा बिघडतो. एका ट्रॉलीत शंभर क्विंटल कांदा मावत नाही, तेव्हा तीन आकडी वजन दिसलं की मूळ पट्टी काढून बघायची. सौदा मोडून परत गेलेलं वाहन दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं, तेही दोनदा धरलं जातं. हिशोबपट्टीचा क्रमांक नोंदीत असेल, तर अशी दुबार नोंद लगेच सापडते.

बंद दिवसांचंही असंच. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि त्याच्या निषेधात नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद राहिले. अशा दिवशी आवकेच्या रकान्यात शून्य बरोबर आहे. दराचा रकाना मात्र कोरा हवा. तिथे शून्य लिहिलं आणि साधी सरासरी काढली, तर व्यवहार न होताच भाव कोसळलेला दिसतो. बंद उठल्यावर अडलेला माल एकदम येतो, त्यामुळे त्या आठवड्याची आवक मागच्या आठवड्याशी ताडून ‘उत्पादन वाढलं’ असा निष्कर्ष काढणंही चूक ठरतं. शेरा लिहायची जागा त्यासाठीच असते. ‘तीन दिवस लिलाव बंद’ एवढे शब्द पुरतात.

असा तयार झालेला गोषवारा चार ओळींत मावतो: ‘लाल कांदा: विक्री ३०० क्विंटल, सरासरी १,१०० रुपये, मागील आठवड्यापेक्षा १०० रुपये कमी. उन्हाळ: ७०० क्विंटल, सरासरी १,५०० रुपये, १०० रुपये कमी. वांध्यामुळे दर उतरलेली वाहने चार. दर हमाली, तोलाई व वाहतूक वजा करण्यापूर्वीचे.’ शेवटची ओळ कधीच गाळू नये, कारण दूरच्या बाजारात पन्नास रुपये जास्त मिळत असले, तरी वाहतुकीला क्विंटलमागे साठ रुपये जास्त मोजावे लागणाऱ्या सभासदासाठी गावाजवळचा बाजारच दहा रुपयांनी बरा असतो.