सहाशे कव्हर म्हणजे किती?

गेल्या पावसाळ्यात सावंतवाडीकडचा एक मुलगा सू-शेफच्या जागेसाठी माझ्यासमोर बसला होता. प्रोफाइलची पहिलीच ओळ होती: ‘गोव्यातलं रिसॉर्ट, रोज ६०० कव्हर, २२ जणांची टीम, रेटिंग ४.१ वरून ४.५.’ मनगटांवर ओव्हनच्या जाळीचे डाग होते, म्हणजे काम केलेलं होतं. पण आकडा मला पटेना.

एका माणसाने एका वेळेचं जेवण घेतलं की एक कव्हर. वेटर टेबल उघडताना मशीनवर माणसांची संख्या टाकतो, बुफेला दारातच खोली नंबर विचारून मोजतात. दोन्हीची रोज नोंद राहते, त्यामुळे हा आकडा कधीही पडताळता येतो.

“खोल्या किती?” मी विचारलं.

“१२०, शेफ.”

“आणि एरवी भरतात किती?”

“सत्तर टक्के धरा.”

मग आम्ही कागद घेतला. ८४ खोल्या, खोलीत दोघं, म्हणजे १६८ पाहुणे. नाश्ता खोलीच्या भाड्यातच, त्यामुळे दीडशे तरी येणार. दुपारी सगळे समुद्रावर, तेव्हा चाळीस. रात्री नव्वद. झाले २८०.

“मग सहाशे कुठून आणलेस?”

“३१ डिसेंबरला झाले होते, शेफ. आणि दोन लग्नांत.”

तो खोटं बोलला नव्हता. आयुष्यातला सगळ्यात दमवणारा दिवस त्याने रोजचा म्हणून लिहिला होता. अशी चूक मी कितीतरी प्रोफाइलमध्ये बघतो, आणि वाईट वाटतं, कारण त्यात माणसाचं खरं कसब झाकलं जातं. लग्नाचे सहाशे म्हणजे एकच मेन्यू, आदल्या रात्रीपासूनची तयारी, मोठी पातेली. रात्रीचे नव्वद म्हणजे दीड-दोन तासांत येणाऱ्या नव्वद जणांच्या वेगवेगळ्या ऑर्डरी, कुणाला कांदा-लसूण नको, कुणाचं मूल नुसता भात मागतंय. म्हणून रोजची सरासरी, गर्दीचा दिवस आणि बँक्वेट हे तिन्ही वेगळे लिहावेत.

हॉटेलचा प्रकार लिहायचा तोही याचसाठी. पुण्यातल्या कंपनीवाल्यांच्या हॉटेलात दीडशे नाश्ते साडेसात ते नऊमध्ये उरकतात आणि शनिवार-रविवारी हॉल ओस पडतो. रिसॉर्टमध्ये तेच दीडशे साडेदहापर्यंत रेंगाळत येतात. आणि रस्त्यावरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला खोल्यांचे बांधलेले पाहुणेच नसतात. तिथे खुर्च्या किती आणि एका रात्रीत त्या किती वेळा भरतात, हे सांगावं लागतं. मॅनेजरच्या प्रोफाइलमध्ये याच जागी खोल्या आणि त्या वर्षभरात सरासरी किती भरल्या, हे येतं.

टीमचा आकडाही तसाच फसवा. २२ जण हजेरीपटावर, पण आठवड्याची सुट्टी धरली की रोज १९ येणार, एखाद-दोन रजेवर गेले की १७, आणि तेही सकाळ-संध्याकाळच्या पाळ्यांत वाटलेले. मी विचारलं, “रोस्टर कोण लावायचं?” तेव्हा कळलं, तो इंडियन सेक्शन सांभाळायचा, हाताखाली पाच जण. सू-शेफची सुट्टी असेल त्या दिवशी मात्र अख्खं किचन त्याच्यावर. माझ्या लेखी ही गोष्ट बावीसपेक्षा मोठी होती, आणि ती कागदावर नव्हतीच.

राहिलं रेटिंग. आधीचे हजार अभिप्राय ४.१ च्या सरासरीचे असतील आणि वर्षात नवे तीनशे ४.५ चे आले, तरी एकूण सरासरी ४.२ च्या पुढे जात नाही. ४.५ हा त्याच्या वर्षातल्या अभिप्रायांचा आकडा होता, हॉटेलचा नव्हे. तसं लिहिलं तर तो खरा ठरतो. शिवाय हॉटेलच्या रेटिंगमध्ये पोहण्याचा तलाव आणि एसीसुद्धा असतो. शेफने जेवणाबद्दल लोक काय लिहितात तेवढंच आपलं म्हणावं.

“नाश्त्याबद्दल काय लिहायचे?” मी विचारलं, तसा तो खुलला. डोसे थंड आणि चिवट येतात, अशी सारखी तक्रार असायची. डोसे आतल्या किचनमध्ये व्हायचे आणि झाकणाच्या भांड्यातून हॉलमध्ये जायचे. वाफ आतच कोंडायची आणि दहा मिनिटांत डोसा लोळागोळा. त्याने मागे लागून तवा हॉलमध्ये काढला, तिथे एक जण कायमचा उभा केला, आणि त्यासाठी सकाळच्या पाळीतला भाजी चिरणारा आदल्या रात्रीच्या पाळीत टाकला. महिन्याभरात ती तक्रार थांबली.

ओळ तिथेच बसून नव्याने लिहिली: ‘१२० खोल्यांचं रिसॉर्ट, रोज सरासरी २८० कव्हर, त्यांत नाश्ता १५०, बँक्वेट ६०० पर्यंत, इंडियन सेक्शनमध्ये पाच जण हाताखाली, सू-शेफच्या सुट्टीत पूर्ण किचन, डोशाचा तवा हॉलमध्ये आणून नाश्त्याची तक्रार बंद.’

ट्रायलसाठी मी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोलावलं, नाश्त्याच्या पाळीला.