पहिल्या बिलाआधी उद्यम नोंदणी : रत्नागिरीतल्या नव्या उत्पादकासाठी

रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या समाजातील तरुण आता काजू प्रक्रिया, कोकम सरबत, मसाले, फॅब्रिकेशन अशा छोट्या उत्पादनात उतरत आहेत. यंत्र कुठून घ्यायचे, कर्ज कोणती बँक देईल याची चौकशी सगळे करतात. उद्यम नोंदणी मात्र 'कर्जाच्या फाईलला लागते म्हणून' शेवटी, सायबर कॅफेत बसून दहा मिनिटांत उरकली जाते. या नोंदणीचा सर्वात मोठा फायदा कर्जात नाही, विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर मिळण्यात आहे. आणि तो फायदा नोंदणीच्या तारखेवर अवलंबून आहे. म्हणून या लेखात तेवढाच धागा धरून बोलू.

उदाहरणासाठी समजा, रत्नागिरी तालुक्यातील एका तरुणाने स्वतःच्या नावावर काजू प्रक्रियेचे युनिट काढले. बी उकडायचा बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर, सोलणी आणि पॅकिंगची यंत्रे मिळून 9 लाख रुपये लागले. शेड घरच्या जागेत. हा उद्योग 'सूक्ष्म' ठरतो. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म, आणि गुंतवणूक 25 कोटी व उलाढाल 100 कोटींपर्यंत असेल तर लघु. म्हणजे आपल्याकडची जवळपास सगळी नवी युनिट्स सूक्ष्ममध्येच बसतात. गुंतवणुकीत जमीन, इमारत आणि फर्निचर धरत नाहीत. नव्या उद्योगाने आयकर विवरणपत्र अजून भरलेले नसते, म्हणून यंत्रांच्या खरेदी बिलाची रक्कम जीएसटी वगळून स्वतःच घोषित करायची. यंत्र जुने घेतले असले तरी हाच नियम.

नोंदणी udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. त्याच्यासारखी दिसणारी, हजार-दोन हजार रुपये मागणारी खासगी संकेतस्थळे शोधात वर येतात, ती टाळा. लागते काय? मालकाचे आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल, पॅन, बँक खात्याचा तपशील, युनिटचा पत्ता, कामगारांची संख्या आणि यंत्रांची रक्कम. एकही कागद अपलोड करावा लागत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे ज्याला जीएसटी नोंदणीतून सूट आहे, त्याला उद्यमसाठी जीएसटी क्रमांक लागत नाही. उत्पादन सुरू होण्याआधीही नोंदणी करता येते. उद्योग काढू इच्छिणाऱ्यालाही नियमाने ती मुभा दिली आहे. अडचण आली तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मदत मागा, तो तुमचा हक्क आहे.

कागद लागत नाहीत म्हणून फॉर्म सोपा वाटतो, पण दोन रकाने असे आहेत की तिथे चूक झाली तर प्रमाणपत्र हातात असूनही हात रिकामे राहतात.

पहिला रकाना कामाच्या स्वरूपाचा. काजूगर तयार करणाऱ्याने उत्पादन निवडायचे आणि त्याचा पाच अंकी राष्ट्रीय उद्योग वर्गीकरण कोड घ्यायचा. खाण्याच्या कठीण कवचाच्या फळांवरील प्रक्रियेचा कोड 10793 आहे. फॉर्म भरून देणारा घाईत 'काजू विक्री' म्हणून घाऊक किंवा किरकोळ व्यापाराचा कोड टाकतो, असे होऊ शकते. जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जासाठी. थकलेल्या पैशांचे संरक्षण व्यापाऱ्याला त्यातून मिळत नाही. तेव्हा प्रमाणपत्र आल्यावर `MAJOR ACTIVITY` समोर `MANUFACTURING` लिहिले आहे का आणि खालच्या तक्त्यात कोड कोणता आहे, हे आधी बघा. पुढे कोकम आगळही काढायचे ठरले तर नवी नोंदणी करायची नाही. एका उद्योगाला एकच उद्यम क्रमांक, त्यातच दुसरा कोड वाढवता येतो.

दुसरा रकाना सामाजिक प्रवर्गाचा. इथे आपल्या मुलांचा गोंधळ होतो. धर्म बौद्ध, मग प्रवर्ग 'जनरल' टाकायचा का? 1990 च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीच्या केंद्रीय आदेशात हिंदू आणि शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश आहे. ज्याच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे त्याने `SC` हाच पर्याय निवडावा. पण केंद्राच्या यादीत जातीचे नाव असते, 'नवबौद्ध' ही नोंद नसते. म्हणून केंद्राच्या लाभासाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला तहसील किंवा प्रांत कार्यालयातून आधीच काढून ठेवा, निविदेच्या आदल्या आठवड्यात धावपळ नको. भागीदारी असेल तर किमान 51 टक्के हिस्सा अनुसूचित जाती किंवा जमातीच्या भागीदारांचा हवा. दाखवण्यापुरता आपला माणूस पुढे आणि मालकी दुसऱ्याची, असे प्रकार चालतात. त्यात नाव देऊ नका, सही तुमची असते.

या रकान्याचा उपयोग कुठे? केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची, त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीच्या उद्योगांकडून. निविदा अर्ज मोफत आणि अनामत रक्कम माफ. कोकण रेल्वेसारखी कंपनी या धोरणाखाली येते. या चार टक्क्यांचे उद्दिष्ट प्रत्यक्षात गाठले जात नाही ही जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण प्रमाणपत्रावर 'जनरल' छापलेल्याने ती करायची तरी कशी?

आता पैशांकडे येऊ. आपल्या तरुणाने 1 मे रोजी पुण्यातल्या एका घाऊक खरेदीदाराला 2 लाख 40 हजारांचे काजूगर पोचवले. लेखी करार नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 सांगतो की करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे, म्हणजे 16 मेपर्यंत. लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, पण ती 45 दिवसांपेक्षा जास्त नाही. खरेदीदाराने ऑर्डरवर '90 दिवस' छापले असले तरी कायद्याच्या हिशोबाने 15 जून हीच शेवटची तारीख.

इथे एक ओळखीची चाल असते. पैसे मागायला गेलो की दोन महिन्यांनी सांगतात, माल हलका होता, तुकडा जास्त निघाला. कायद्याने यालाही कुंपण घातले आहे. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. म्हणून पोचपावती महत्त्वाची. चलनाच्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह सही घ्या, निदान पोचल्याचा संदेश मोबाईलवर जपून ठेवा. तोंडी व्यवहारात हा सगळा कायदा निकामी होतो.

मुदत टळली की व्याज सुरू होते, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर व्याज साडेसोळा टक्के. 2 लाख 40 हजार सहा महिने अडकले तर साधारण 20 हजार 500 रुपये व्याज होते. करारात 'व्याज मिळणार नाही' असे लिहून घेतले असेल तरी ते या कायद्यापुढे टिकत नाही.

शिवाय खरेदीदाराला आयकराचा चिमटा आहे. 2024-25 च्या आकारणी वर्षापासून सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि आर्थिक वर्षाअखेर ते थकलेलेच राहिले, तर त्या वर्षी ती खरेदी खर्च म्हणून दाखवता येत नाही. जेव्हा पैसे देईल त्या वर्षीच वजावट. त्यामुळे मार्च जवळ आला की खरेदीदाराचा लेखापाल स्वतःच थकबाकीची यादी काढतो. त्या यादीत आपण सूक्ष्म उद्योग म्हणून असायचे, तर बिलावर उद्यम क्रमांक छापलेला हवा आणि पहिल्या ऑर्डरबरोबरच प्रमाणपत्राची प्रत पाठवलेली हवी. याची उलटी बाजूही आहे. काही खरेदीदार या नियमामुळेच छोट्या उत्पादकाकडून माल घ्यायला कचरतात. असे गिऱ्हाईक सोडायचे की उधारी सोसायची हा हिशोब ज्याचा त्याने करायचा. माझे मत, पहिल्याच वर्षी भांडवल संपवणाऱ्या गिऱ्हाईकापेक्षा लहान पण रोख गिऱ्हाईक बरे.

आणि आता ती तारीख. समजा आपल्या तरुणाने माल 1 मे रोजी दिला, पैसे अडकल्यावर कोणी सांगितले म्हणून ऑगस्टमध्ये उद्यम नोंदणी केली. मेच्या बिलाला संरक्षण मिळेल का? सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या आणि ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाली फूड्सच्या निकालात सांगितले की नंतर केलेली नोंदणी मागच्या पुरवठ्याला लागू होत नाही, ती पुढच्या पुरवठ्यालाच लागू होते. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाच्याच एका खंडपीठाने एनबीसीसीच्या प्रकरणात हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे. पण नव्या उत्पादकाने न्यायालयात कोण जिंकेल यावर आपले अडीच लाख का लावावेत? फॉर्ममध्ये उत्पादन सुरू झाल्याची तारीख मागची टाकली म्हणजे काम झाले असाही समज आहे. तो चुकीचा. प्रमाणपत्रावर नोंदणीची तारीख वेगळी छापलेली असते आणि वाद झाला की तीच बघितली जाते.

पैसे थकले तर आधी बिल, पोचपावती आणि उद्यम क्रमांक जोडून, कलम 15 आणि 16 चा उल्लेख करून रजिस्टर पत्र पाठवा. पुष्कळदा एवढ्यावरच फोन येतो. नाही आला तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा. तो सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जातो. परिषद आधी समझोता घडवते, न जमल्यास लवाद म्हणून निवाडा देते. कायद्यात 90 दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात बरेच जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवा. निवाडा आपल्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला न्यायालयात आव्हान द्यायचे असेल, तर त्याला निवाड्यातील रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात. 'जा कोर्टात' म्हणणारे या अटीपाशी थांबतात.

एक लक्षात असू द्या, उद्यम हा परवाना नाही. काजू युनिटला अन्न सुरक्षा नोंदणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम वेगळे पाळावेच लागतात, आणि उद्यम मिळाले म्हणून कोणतेही अनुदान आपोआप खात्यात येत नाही. दरवर्षी विवरणपत्र भरल्यावर उद्यमची माहिती अद्ययावत करा. पत्ता, बँक खाते किंवा उत्पादन बदलले तर तेही लगेच बदलून घ्या, ते मोफतच आहे.