अफ्लाटॉक्सिनचा पेपर वाचताना आधी नमुना बघा

मायकोटॉक्सिनवरचा पेपर हातात आला की आपण थेट एचपीएलसीच्या आकड्यांवर जातो. माझं म्हणणं, आधी मेथड सेक्शनमध्ये नमुना कसा घेतला ते शोधा. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक बहुतेक वेळा मशीनमध्ये नसते, पोत्यापाशीच झालेली असते.

कारण असं की, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी साठवलेल्या धान्यात सगळीकडे सारखी वाढत नाही. जिथे ओल धरली, किडीने दाणा फोडला, तिथेच ती पसरते. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच दाणा विषाने भरलेला असतो. मक्याच्या एकाच दाण्यात किलोमागे ४,००,००० मायक्रोग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन सापडल्याची नोंद आहे.

आता हिशोब करू. समजा असा एक दाणा ०.३ ग्रॅमचा आहे, म्हणजे त्यात १२० मायक्रोग्रॅम विष. तो ५ किलो मक्यात पडला, तर सरासरी होते किलोमागे २४ मायक्रोग्रॅम. भारतात धान्यासाठी मर्यादा १५ आहे. म्हणजे साधारण सोळा-सतरा हजार दाण्यांतला एकच दाणा अख्खा लॉट नापास करतो!

या ५ किलोतून तुम्ही न दळता ५० ग्रॅम उचलले, तर तो दाणा तुमच्या हाती यायची शक्यता शंभरात एक. नव्याण्णव वेळा उत्तर शून्य, आणि एकदा २,४००. दोन्ही आकडे मशीनने बरोबरच दिलेत, पण खरा आकडा २४ आहे.

म्हणून नळी खुपसून पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून थोडं थोडं धान्य घ्यायचं, एकत्र करायचं, आणि ते सगळं बारीक दळून, ढवळून मगच ५० ग्रॅम काढायचे. फ्युमोनिसिन तुलनेने जास्त सारखं पसरलेलं असतं, तिथे हा त्रास कमी.

याचा खरा फटका नियंत्रणाच्या पेपरांना बसतो. ओझोन दिला, आधी आणि नंतर तीन-तीन छोटे नमुने घेतले, आणि '९५ टक्के घट' असं लिहिलं. पण आधीच्या नमुन्यात योगायोगाने तो दाणा आला असेल आणि नंतरच्यात नसेल, तर ओझोनशिवायही हीच घट दिसली असती. हे ओळखायचं कसं? रिप्लिकेट म्हणजे नक्की काय ते बघा. एकाच पिठाचे तीन अर्क असतील, तर त्यावरचा एरर बार फक्त प्रयोगशाळेतला फरक दाखवतो, पोत्यातला नाही. ओझोन न दिलेल्या धान्याचे स्वतंत्र नमुने किती होते आणि त्यांच्यात आपसात किती फरक होता, हेही बघा.

रिकव्हरी ९५ टक्के असली तरी हा प्रश्न सुटत नाही. स्पाइक करताना विष आपणच स्वच्छ पिठात सारखं मिसळलेलं असतं. पोत्यात तसं कोणी मिसळून ठेवत नाही.