ग्राहक काय म्हणतो? भाग ४ : ‘हो’ला कचऱ्यात टाकू नका

मागच्या भागात आपण साड्यांच्या एका दुकानाचे व्हॉट्सॲपवरचे संवाद फाइलमध्ये उतरवून घेतले. फाइल उघडली की आधी दिसतात `<Media omitted>` आणि `This message was deleted` अशा ओळी. त्या ग्राहकाने लिहिलेल्या नाहीत, म्हणून शब्द मोजताना वगळायच्या. मात्र फोटो गेला होता एवढी नोंद ठेवा, नाहीतर पुढचं ‘ही केवढ्याला?’ कशाबद्दल होतं ते कळणार नाही.

खरी गफलत होते ती छोट्या मेसेजमध्ये. तीन अक्षरांहून लहान ते सगळं काढा, असा नियम बरेच जण लावतात. समजा, संवाद असा आहे:

```
11:02 ग्राहक: निळी पैठणी आहे का?
11:02 ग्राहक: निळी पैठणी आहे का?
11:40 ग्राहक: ?
11:52 ग्राहक: ggghhj
11:53 ग्राहक: सॉरी, चुकून गेलं
12:10 दुकान: आहे. बाजूला ठेवू?
12:11 ग्राहक: हो
```

त्या नियमाने ‘?’ आणि ‘हो’ दोन्ही उडतील आणि ‘ggghhj’ तेवढं शाबूत राहील! वास्तविक ‘?’ ही अडतीस मिनिटं उत्तर न मिळाल्याची तक्रार आहे आणि ‘हो’ म्हणजे झालेली विक्री. तेव्हा मेसेजची लांबी पाहू नका, त्याच्या आधी काय आहे ते पाहा. आधी दुकानाचा प्रश्न असेल तर ‘हो’ हे उत्तर. ‘चुकून गेलं’ दिसलं की ती ओळ आणि तिच्या आधीची, दोन्ही बाजूला. तोच मजकूर काही सेकंदांत पुन्हा आला तर बहुधा बोट दोनदा पडलं असेल, एकच धरा. अर्ध्या तासाने आला तर ती आठवण करून देणं आहे, दोन्ही ठेवा.

आता मराठीपुरता एक सापळा. विरामचिन्हं काढायला पायथॉनमध्ये सर्रास ही ओळ वापरतात:

```python
re.sub(r'[^\w\s]', '', s)
```

पायथॉनचं `re` काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘साडी’चं ‘सड’ होतं आणि ‘सोडा’चंही ‘सड’च. इंग्रजी नमुन्यावर तपासलं तर ही चूक दिसतच नाही. कंसात देवनागरीचा पट्टा घाला:

```python
re.sub(r'[^\w\s\u0900-\u097F]', '', s)
```

तरीही प्रश्नचिन्ह जाईलच, म्हणून ‘?’ची खूण ही ओळ चालवण्याआधी करून ठेवा.

मी स्वतः कुठलीही ओळ पुसत नाही. शेजारी एक रकाना करून त्यात ‘यंत्राची’, ‘चुकून’, ‘दुबार’ असं कारण लिहितो आणि मोजताना त्या ओळी वगळतो. मग वगळलेल्यांतल्या कुठल्याही पन्नास ओळी डोळ्यांनी वाचतो. तुम्हीही वाचा. त्यात दोन-तीन ‘हो’ सापडले, तर नियम बदला आणि मूळ फाइलवर पुन्हा चालवा.